व्हिडिओच्या नावावर काहीच नाही

भात भरडायला गिरणीत नंबर लावून देणारी वेबसाइट आम्ही जव्हारहून चालवत होतो. ती कशी वापरायची, याचा व्हिडिओ खोडाळ्याच्या एका ताईंनी तिकडच्या बोलीत केला. कोण कुठून आलं हे कळावं म्हणून त्याखालच्या लिंकला मी टॅग जोडला होता. त्या लिंकवरून आलेली नोंदणीच व्हिडिओच्या नावावर पडणार होती, आणि ताईंना पुढचं काम द्यायचं की नाही, हे ठाण्याच्या ऑफिसातले आमचे साहेब त्यावरून ठरवणार होते.

नोंदण्या वाढल्या, पण जवळजवळ सगळ्या ‘थेट’ या रकान्यात, म्हणजे कुठल्याही लिंकशिवाय आलेल्या. मी ताईंना फोन केला.

“पाड्यावर रेंज कुठंय, दादा? बाजारात मी फायलीच वाटल्या, या फोनातून त्या फोनात. व्हिडिओत साइटचा पत्ता बोललेय ना, तोच टाकतात लोक.”

फाइलबरोबर लिंक गेलीच नव्हती. मी साहेबांना हे सांगितलं. पुढच्या व्हिडिओत बोलायला वेगळा छोटा पत्ता देऊ, त्यामागे टॅग ठेवू, असंही सुचवलं.

“रिपोर्टमध्ये व्हिडिओ कुठे दिसतोय?” ते म्हणाले आणि ताईंचं पुढचं काम थांबवलं.

ताईंना ते कळवलं, तेव्हाही ‘थेट’च्या रकान्यात खोडाळ्याकडची नवी नावं येत होती.