काकांचा लसण्या

रत्नबाजाराच्या तपासणी खोलीत काका शिरले आणि भिंगवालीच्या अंगाचा तिळपापड झाला. चौदा वर्षांपूर्वी ह्याच सख्ख्या काकांनी भर बाजारात तिच्या बापाला चोर ठरवलं होतं. दोघा भावांचं दुकान एकच. व्यापाऱ्याने घासायला दिलेल्या लसण्याच्या, म्हणजे मांजराच्या डोळ्यासारख्या चमकत्या रत्नाच्या पुडीत दगडाऐवजी काच निघाली, तेव्हा काकांनी बोट दाखवलं आणि बाजाराने मान डोलावली. बाप पुढे वर्षभरही जगला नाही. तिने भिंग हाती धरलं ते पोटासाठी कमी, सुडासाठी जास्त!

"पोरी, दाखला दे पटकन," काका गिऱ्हाईकासमोर ऐटीत म्हणाले. "अस्सल माल आहे."

"अस्सल की नाही ते दगड सांगेल, काका."

तिने दिवा लावला. मधाळ दगडावर लख्ख रेघ उमटली, दगड फिरवला तशी सरकली. गिऱ्हाईक हरखलं. "आत दिवा आहे की काय?"

"दिवा कसला! आत केसाहून बारीक सुया असतात, सगळ्या एका दिशेला. उजेड त्यांच्यावरून परततो आणि वरचा घुमट त्याला एका रेघेत गोळा करतो. रेघ सुयांना आडवी."

पण रेघ तर काचेलाही येते. तिने दगड आडवा धरून भिंगातून कड पाहिली. काचेत दिसतात तशी मधाच्या पोळ्यासारखी घरं नव्हती. दिवा बाजूला नेला, तर उजेडाकडची अर्धी बाजू मधासारखी, पलीकडची दुधासारखी; ही अस्सलाची खूण. मग तिने दगड हवेत तोलला, पाण्यात तोलला. पाण्याच्या पावणेचारपट जड. गारगोटीचा लसण्या इतका जड भरत नाही.

शेवटी तिने दगड सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. रेघेच्या टोकाशी एक तुटकी सुई, शेजारी तीन काळे कण. हे चित्र तिला तोंडपाठ होतं! घासायला देण्याआधी व्यापाऱ्याने तो हरवलेला दगड इथेच तपासून घेतला होता आणि त्याचं चित्र कपाटात होतं, हे काकांना ठाऊक नव्हतं. काकांनी बूड घासून वजन उतरवलं होतं. पोटातलं कोण घासणार?

तिने कपाटातून कागद काढला, काकांपुढे सरकवला. काकांचा चेहरा पांढराफटक.

"बाळ," ते कानाशी कुजबुजले, "काच आहे म्हणून लिही. पाया पडतो."

"पडा," ती म्हणाली. काका खरोखरच वाकले. तिने ते पोटभर पाहिलं, अगदी शांतपणे, आणि तिला जराही दया आली नाही.

मग तिने दार उघडून बाहेरच्या पेठेला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "काकांचा लसण्या अस्सल आहे हो! चौदा वर्षांपूर्वी हरवलेला, तोच! या, सगळे बघायला या!"