आधी मत, मग इन्सुलिन

तिला सगळे ‘कात्री’ म्हणत. लग्नांचे व्हिडिओ कापणं हा तिचा धंदा. रुसलेला मामा आणि जांभई देणारा नवरदेव ती असे गायब करायची की त्यांनाही पत्ता लागू नये. उरलेल्या वेळात ती फोनवर फिरवायच्या थट्टेच्या चित्रांत नगराध्यक्षांना कापायची. त्या गृहस्थांनी एकाच दवाखान्याचं चारदा उद्घाटन केलं होतं, आणि डॉक्टर मात्र अजून आला नव्हता; औषधं कंपाउंडरच द्यायचा. असला माणूस समोर असताना हात आवरणार तरी कसा?

यावेळी तिने जुन्या सिनेमातला तो गाजलेला प्रसंग घेतला. विहिरीवर बसलेला खलनायक तहानलेल्या नायकाला म्हणतो, “आधी पाय धर, मग पाणी.” खलनायकाच्या धडावर तिने नगराध्यक्षांचं डोकं बसवलं, घागरीच्या जागी औषधाची बाटली ठेवली आणि खाली लिहिलं, “आधी मत, मग इन्सुलिन.” वर कोपऱ्यात ‘थट्टा’ असा शिक्काही मारला. एवढ्यावर थांबायचं ना! पण कामात कसर ठेवणं तिच्या रक्तातच नव्हतं. खालच्या पट्टीत तिने पालिकेची हुबेहूब मोहोर टाकली, ‘आदेशावरून’ असंही लिहिलं. गाव पोट धरून हसलं.

तिसऱ्या दिवशी शेजारीण धावत आली. कात्रीचे बाबा चक्कर येऊन पडले होते. मधुमेह जुना, आणि दोन दिवस इंजेक्शनच नाही.

इस्पितळात सलाइन लागल्यावर तिने विचारलं, “दवाखान्यात का गेला नाहीत?”

“मी नगराध्यक्षाला मत दिलं नाही. कशाला तोंड घेऊन जाऊ?” म्हणत बाबांनी फोन पुढे केला.

कात्रीने फोनवरचं चित्र पाहिलं. पट्टी तिचीच होती. विहीर, खलनायक, कोपऱ्यातली थट्टा, सगळं कुणीतरी कापून टाकलं होतं. उरली होती मोहोर आणि तिचं वाक्य. वर भर घातली होती: ‘उद्यापासून लागू. तातडीने सर्वांना पाठवा.’ आदेशाला क्रमांक नव्हता, कुणाची सही नव्हती. दवाखान्याला एक फोन केला असता तरी खोटेपणा उघडा पडला असता.

तिने तिथूनच दवाखान्याला फोन करून विचारलं, मग मूळ चित्र आणि कापलेलं चित्र शेजारी शेजारी लावलं. काय काय गाळलंय ते बाण काढून दाखवलं. ‘मूळ थट्टा माझी. असा आदेश नाही, दवाखान्यात विचारून खात्री केली आहे. मोहोर वापरली ही माझी चूक,’ असं लिहून तिने ते फोनवरच्या प्रत्येक गटात पाठवलं. मग बाबांना मूळ चित्र दाखवलं.

“अरे, हा तर विहिरीवाला!” बाबा इतके हसले की परिचारिका ओरडली. “हे आधी बघितलं असतं तर कळलं असतं गं मला.”

“माझं चुकलं, बाबा. पण कुणी मत बघून औषध देतं का? एवढंही खोटं वाटलं नाही तुम्हाला?”

बाबांनी चष्मा काढून पुसला. “एकाच दवाखान्याचं चारदा उद्घाटन करणाऱ्याला तू ओळखतेस ना? मग मला का विचारतेस?”