महिपतीने फिरवलेली नोटीस

नोटीस-वही घरी नेली ती मीच. मुद्दाम नव्हे, आठवीच्या निबंधांच्या गठ्ठ्यातून ती पिशवीत गेली आणि गुरुवार ते सोमवार माझ्या खुंटीला सुखाने लटकली.

आमच्या महाडच्या हायस्कुलात हेडमास्तर नोटीस वहीत लिहीत, शिपाई महिपती ती वर्गावर्गांत नेई, मास्तर वाचून सही करीत. शुक्रवारी महिपतीने विचारलं, "सर, वही?" "वाचतोय," मी म्हणालो. शनिवारीही तेच. तीन ओळींची नोटीस मी तीन दिवस वाचतोय, याबद्दल त्याला माझा आदरच वाटला असावा.

सोमवारी वही परत दिली. महिपतीला अक्षरओळख बेताची. तो म्हणाला, "मोठ्यानं वाचा की. माझं कायतरी हाय का त्यात?"

मी वाचलं: "तपासणीमुळे चाचणी परीक्षा ता. २१ ऐवजी १४ ते १६ मार्चला होईल. प्रश्नपत्रिका शनिवारपर्यंत कार्यालयात द्याव्यात. या काळात शिपायासह कोणाचीही रजा मंजूर होणार नाही."

महिपतीने वही मिटली. त्याचा मुलगा मुरारी मुंबईला गिरणीत. वर्षातून एकदा, शिमग्याला गावी येई, शाळा सुटल्यावर जाऊन परतता येणार नाही अशा दूरच्या उमरठला. यंदा चौदाला येऊन सोळाला परत. पंधराला पालखी त्यांच्या अंगणात. बाप पुढे, लेक मागे, असे दोघं खांदा देत. महिपतीने रजेचा अर्ज माघातच देऊन ठेवला होता. पालखीसाठी नवं धोतरही घेऊन ठेवलं होतं, आणि ते मला दोनदा दाखवलं होतं.

"गुरुवारी कळतं तर कार्ड टाकलं असतं," तो म्हणाला. "दोन दिस आधी यायला सांगितलं असतं. आता त्याची रजा लिहून झाली असंल."

मी हेडमास्तरांकडे धावलो. "घंटा मी देतो, साहेब."

"आणि तुमच्या वर्गावर पर्यवेक्षण कोण करणार? शिपाई एकच आहे, मास्तर."

पंधरा तारखेला महिपतीने घंटा दिल्या. एकही घंटा मिनिटानेसुद्धा चुकली नाही. दुपारी मात्र तो उमरठला जाणाऱ्या पोलादपूरच्या रस्त्याकडे तोंड करून बसला होता. डबा उघडलाच नव्हता.

सोळाला पेपर चालू असताना खिडकीतून पाहिलं, तर घंटेखाली इस्त्रीचा बुशकोट घातलेला मुरारी उभा. मुंबईची एस.टी. स्टँडवर थांबली होती, तेवढ्यात धावत आलेला. महिपतीच्या एका हातात टोल्याचा दांडा, नजर लेकावर. मुरारीने वाकून पायांना हात लावला. महिपतीने त्याच्या खांद्यावरची धूळ झटकली, नसलेलीसुद्धा. मग अर्ध्या तासाचा टोला दिला आणि वळून पाहिलं, तोवर पोरगा फाटकाबाहेर.

पेपर संपल्यावर मी गेलो. "अहो महिपती, वर्षाने लेक भेटला, एक शब्द बोलला नाहीत?"

"परीक्षा चालू असताना बोलत नायत, सर."