सगुणाबाईच्या दारातल्या दोऱ्या

उरवड्यात बढाईखोर माणसांची कधी वाण नव्हती, आणि त्यांत माझ्या थोरल्या चुलतीचा, रत्नाबाईचा, नंबर पहिला. चुलती असली तरी खरं ते सांगणार. सगुणाबाई शिंपिणीचं मशीन जायची वेळ आली होती, ते आपल्यामुळेच राहिलं, असं ती मरेपर्यंत सांगायची. यातलं निम्मंसुद्धा खरं नाही.

सगुणाबाईचा नवरा वारला तेव्हा मागे राहिलं ते एक शिवणाचं मशीन. गावात तेवढं एकच. धाकटा दीर कोंडाजी शेजारच्याच खोपटात वेगळ्या चुलीवर राहायचा. त्याचा डोळा त्या मशीनवर. पौडाचा एकजण मशीन घेऊन दुभती म्हैस द्यायला तयार होता.

"बाईमाणसाला मशीन कशाला? म्हशीचं दूध तरी दोगांच्या घरात हुईल," कोंडाजी म्हणाला.

"मला शिवाया येतं, भावजी. धार काडाया तुमाला येती का?"

भांडण लांबलं. शेवटी गणपतीच्या दिवसांत ठरलं ते असं: दिवाळीपर्यंत वीस नव्या बायांनी चोळ्या शिवून घेतल्या तर मशीन सगुणाबाईचं. एकोणीस झाल्या तर म्हैस. कोंडाजीला वाटलं, वीस कुठल्या व्हायला? मशीनची शिवण विळ्याच्या पहिल्या झटक्याला उसवते, असं गावभर बोललं जायचंच.

तिच्या जुन्या गिऱ्हाइकांत गोजराबाई होती. दांडगी बाई, भाताचा भारा एकटी उचलायची, आणि तरी तिची मशीनवरची चोळी काही उसवली नव्हती. नदीवर धुणं धुताना ती सगुणाबाईचं तोंड भरून कौतुक करायची. बाया "व्हय का?" म्हणायच्या आणि धुणं पिळून घरी जायच्या. सगुणाबाईकडे कुणी फिरकत नसे.

सगुणाबाईने हे चार दिवस बघितलं आणि तिच्या डोक्यात आलं, की नुसतं तोंडाने सांगितलेलं नदीवरच राहतं. घरी न्यायला हातात काहीतरी पाहिजे. तिच्याजवळ देण्यासारखं होतं काय? कपटे. चोळी कातरली की खणाचे उरतात ते तुकडे.

तिने गोजराबाईच्या चोळीचे कपटे तिच्याच ओटीत घातले.

"जिला सांगशील तिला ह्यातला एक दे. ती हा घेऊन आली तर तिच्या काखेत दुहेरी पट्टी मी फुकट लावीन. आन तुझे तीन कपटे माज्याकडं माघारी आले, की तुजी एक चोळी फुकट शिवीन."

"आन मी म्हनलं पाच आले, तर?"

"तू म्हनून कसं चालंल? दोरी बोलंल."

दाराच्या चौकटीला तिने दोऱ्या टांगल्या. एका बाईची एक दोरी. वर त्या बाईच्या स्वतःच्या चोळीचा कपटा, खाली तिच्याकडून आलेले. सगुणाबाईला अक्षर येत नव्हतं, पण कापडाला कापड जुळवायला तिला अक्षर कशाला लागतंय? एकच शिस्त होती. नुसता कपटा आणला म्हणून गाठ पडायची नाही. चोळी शिवून बाईच्या अंगात गेली, की मगच.

जुन्या गिऱ्हाइकांना तिने असे त्यांच्या त्यांच्या चोळीचे कपटे वाटले. सगळ्यांत जास्त, चांगले मूठभर, दिले रत्नाबाईला. हैबतरावांची बायको, मोठं घर, दहा बायांची ऊठबस, तिच्या शब्दाला वजन. सगळ्यांत थोडे दिले बानूबाई धनगरणीला, तेही ती समोर उभी होती म्हणून.

महिन्याने दोऱ्या बघायला जो तो येऊ लागला. गोजराबाईच्या दोरीला तीन. बानूबाईची दोरी गुडघ्यापर्यंत. लोकर विकत ती नेऱ्या-महाळुंग्यापर्यंत हिंडायची, तिथल्या बायांना कपटा द्यायची आणि येताना ते कपटे, मापाच्या जुन्या चोळ्या नि नवे खण गाठोड्यात बांधून आणायची. पुढच्या फेरीत शिवलेल्या चोळ्या त्यांच्या अंगात घालून आली, की गाठ पडायची. आणि आमच्या रत्नाबाईची दोरी? वर एक झोकदार जांभळा कपटा आणि खाली वारा. शिंपिणीसाठी तोंड उघडायचं म्हणजे तिला कमीपणा वाटला होता.

सगुणाबाईने काय करावं? रुसली नाही, की रत्नाबाईच्या पायऱ्या झिजवल्या नाहीत. बानूबाईच्या चोळीचे राहिलेले सगळे कपटे तिला देऊन टाकले. मला ह्या बाईचं कौतुक वाटतं ते इथे. आपला अंदाज चुकला, हे मोठमोठ्यांना दिसत नाही. तिला दोरीवर दिसलं आणि तिने ते मानलं.

पण गोजराबाईची जीभ गप्प बसेना. "हैबतरावाच्या घरचा शबुद हाय म्हनायचा! दोरीवर माशीबी बसंना!" हे रत्नाबाईच्या कानी गेलं. आठवड्याच्या आत तिच्या शेतावर कामाला येणाऱ्या सात बाया एका रांगेत सगुणाबाईच्या दारात. सातींच्या हातात जांभळे कपटे.

"बाईंनी धाडलंय," सात जणी म्हणाल्या.

"खण कुटं हाय?"

खण कुणाकडेच नव्हता. सगुणाबाईने माघारी पाठवल्या. मग रत्नाबाईला स्वतःच्या पेटीतून सात खण काढावे लागले. तेव्हा ती जे काही बोलली ते मी लिहीत नाही. चोळ्या झाल्या, दोरीला सात गाठी पडल्या. ठरल्याप्रमाणे रत्नाबाईच्या दोन चोळ्या फुकट शिवून मिळाल्या आणि सगुणाबाईने, सगळ्यांना देते तसे, त्या सातींना त्यांच्या त्यांच्या चोळीचे कपटे दिले.

दिवाळीला चार दिवस असताना कोंडाजी मोजायला आला. बानूबाईच्या नऊ, गोजराबाईच्या पाच, रत्नाबाईच्या सात. एकवीस! त्याचं तोंड उतरलं. म्हैस गेली.

आणि ही वेडी बाई उठली नि त्या सात गाठी सोडू लागली.

"अगं, काय करतीस?" मोजणी बघायला आलेली गोजराबाई ओरडली.

"ह्या आल्या न्हाईत, धाडल्यात. खण बाईंचा, हुकूम बाईंचा. ह्या उद्या माज्याकडं येतील का, ते मला ठावं न्हाई. मग मोजू कशाला? भावजींला फसवंन, पण पुढल्या साली पोट मलाच भराया हाय."

चौदा उरल्या. कोंडाजीने म्हशीसाठी दावं विकत आणलं. सगुणाबाई त्या रात्री रडली असेल, मला खात्री आहे. मी असते तर आधी रत्नाबाईच्या दारात जाऊन रडले असते.

दुसऱ्या दिवशी त्या सातींतली एक आली. यावेळी तिला कुणी धाडली नव्हती. सोबत तिची जाऊ, जावेच्या काखेत खण, हातात कपटा.

"हिनं माजी चोळी बगितली. भात कापताना कुटंच आवळत न्हाई म्हनलं मी."

संध्याकाळपर्यंत तशाच आणखी दोघी. तिसऱ्या दिवशी दोघी. मशीन एकसारखं चालू होतं. दिवाळीच्या आदल्या दिवशी पाच चोळ्या अंगात घालून पाच बाया घरी गेल्या, आणि दोऱ्यांवर गाठी झाल्या एकोणीस.

कोंडाजी दावं खांद्यावर टाकून दारात उभा. "एक कमी, वैनी."

"एक कमी," सगुणाबाई म्हणाली. तिने मशीनवर फडकं घातलं आणि त्याच्यावरून हात फिरवला.

इतक्यात शेजारच्या खोपटातून कोंडाजीची बायको, सारजाबाई, तरातरा आली. एका हातात खण, एका हातात कपटा.

"जाऊबाई, फडकं काडा. दिस मावळायच्या आत झाली पायजे."

"तू?" कोंडाजी म्हणाला. "तू घरचीच की!"

"चूल येगळी केलीत, तवा कुटं आठवलं मी घरची हाय म्हनून? जन्मभर हातानं शिवलेली घातली, काखंत उसवली की घरात बसले. मी बाई हाय, नवी हाय, कपटा आनलाय. काय कमी हाय?"

कोंडाजीने दावं एका खांद्यावरून दुसऱ्यावर टाकलं. सगुणाबाईने डोळे पुसले आणि फडकं काढलं. चोळी झाली, सारजाबाईने आत जाऊन ती घातली, हात वर करून दाखवली. विसावी गाठ पडली.

"तुजी शिवनावळ राहू दे गं," सगुणाबाई म्हणाली.

"न्हाई. फुकट शिवलीत तर ह्ये म्हनतील, जावाजावांनी संगनमत केलं." सारजाबाई नवऱ्याकडे वळली. "द्या. पुरी द्या."

आणि कोंडाजीने दावं खाली ठेवलं नि कंबरेची पिशवी सोडली.