स्मॅशनंतरचे चार ठोके

सगळे त्याला कात्री म्हणतात, कारण व्हिडिओ कापण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही. बाकी जगात मात्र आनंदच! दोन पायांत दोन रंगांचे मोजे घालून खुशाल हिंडेल.

भाचीच्या व्हॉलीबॉलची रील त्या दिवशी संध्याकाळपर्यंत क्रीडा अकादमीला पाठवायची होती. तिच्यावरच निवड ठरणार. कात्रीनं दोन सामने स्वतः शूट केले होते, सेकंदाला एकशेवीस फ्रेमनी. त्याच सेकंदाला तीस अशा दाखवल्या की सगळं चौपट संथ होतं.

त्यानं कापलंही झकास. धाव खऱ्या वेगात, पाय जमिनीवरून उचलले की वेग हळूहळू उतरत जातो, ती हवेत तरंगते आणि हात चेंडूवर पडतो तो नेमका ढोलाच्या ठोक्यावर. मग संगीत चार ठोके शांत. तेवढ्यात ती संथपणे खाली उतरते.

"मामा, स्मॅश झाला की लगेच वेग वाढव," शेजारी बसलेली भाची म्हणाली.

"अगं, संगीत शांत आहे तिथे! घाई कुणाला झालीय?"

"तरी पण वाढव."

आता काय बोलायचं! त्यानं वाढवून पाहिला. उतरणं झटक्यात संपलं आणि पुढचे ठोके रिकामे पडले. तिथे टाळ्या वाजवणारे प्रेक्षक टाकले. ते आगंतुकासारखे दिसले. गाणं बदललं, तरी काही केल्या मेळ बसेना. पोरीला मात्र तेच हवं. कात्रीच्या डोक्याचा पार भुगा झाला. आपलं चुकतंय कुठे?

शेवटी वेग नक्की कुठून वाढवायचा ते बघायला तो एकेक फ्रेम सरकवू लागला. पडद्यावर भाची डाव्या पायावर उतरली. उजवा टेकला आणि लगेच उचलला गेला, ओठ दाताखाली. त्यानं दुसरा स्मॅश काढला. तेच. तिसरा, चौथा, सहाही स्मॅशमध्ये तेच! खऱ्या वेगात यातलं काहीच दिसत नव्हतं. मैदानावर कॅमेरा धरून तो स्वतःच तर उभा होता, "शाब्बास!" म्हणून ओरडत.

"गुडघा?" त्यानं विचारलं.

"दोन महिने झाले. निवड होईपर्यंत कुणाला सांगू नकोस ना, मामा."

वेग वाढवला तर पोरगी अकादमीत जाणार, आणि तिथे रोज शंभर उड्या. नाही वाढवला तर घरी बसणार, आणि त्याचं खापर मामावर. कात्रीला तिचा राग आला, स्वतःचा त्याहून जास्त.

भाची पडद्याकडे बघत होती. स्वतःचा तो चेहरा तिनं कधी पाहिलाच नव्हता. तिनं क्लिप पुन्हा लावली, मग आणखी एकदा.

"एवढं दुखतं मला?" ती हळूच म्हणाली.

तिला जवळ घ्यावं की पाणी द्यावं, ते कात्रीला कळेना.

"ही क्लिप आईला दाखव," ती डोळे पुसत म्हणाली. "मला सांगता येत नाही रे."

त्यानं बहिणीला फोन लावला.