ओल्या वडीवरचा अंगठा

साबणवाल्या काकांना आभार मानण्याचा आजारच होता. दाढ उपटणाऱ्या डॉक्टरचे त्यांनी तोंडातला बोळा न काढता आभार मानले, आणि बोळा डॉक्टरच्या टेबलावर पडला. आभार मानताना ते इतके वाकत, की समोरच्याला वाटे, याच्या पाठीवर आणखी थोडं ओझं चालून जाईल. आणि लोक टाकतही.

घराच्या मागच्या खोलीत काकू आणि शेजारच्या दोघी जणी साबण करत. काका तो दुकानोदुकानी पोचवत. मग एका वितरक शेठने एकदम चाळीस खोकी उचलली. एवढी मोठी ऑर्डर आयुष्यात पहिलीच! फळ्या रिकाम्या झाल्या, आनंदीआनंद झाला, आणि पुढे सगळं शांत. नवा माल ओतावा तर न्यायचा कुणी? शेजारणी रोज विचारत, "काकू, उद्या येऊ का?" आणि काकू रिकाम्या फळ्या पुसत राहत.

साबण म्हणजे काही चहा नव्हे, सांगितला आणि आणला. वडी कापल्यावर महिनाभर फळीवर वाळावी लागते. शेठची रीत मात्र तहान लागल्यावर विहीर खणायची: गोदाम रिकामं झालं की फोन, आणि माल उद्या दारात. अशा फोनला एकदा नाही म्हटलं, की शेठ दुसरा साबण बघणार हे उघड होतं. म्हणून ठरलं, की पहिल्या ऑर्डरचे आभार मानायला जायचं आणि दर महिन्याची ऑर्डर बांधून घ्यायची.

"आभार एकदाच," काकूंनी बजावलं. "मग ठरलेलं बोलायचं."

"आणि ते नाही म्हणाले तर?"

"तर गप्प बसायचं. नाही म्हटल्याचे आभार मानायचे नाहीत."

शेठची कचेरी म्हणजे गोदामाचाच एक कोपरा. छतापर्यंत खोकी, मधे टेबल, टेबलावर दोन फोन. काकांनी हात जोडले आणि बांध फुटला. शेठचे आभार, सेल्समनचे आभार, टेम्पोवाल्याचे आभार. टेम्पोचेही मानणार होते, पण शेठनेच तोडलं.

"माल खपला तुमचा. दुकानदार परत मागतायत. मी फोन केला की दुसऱ्या दिवशी चाळीस खोकी आली पाहिजेत. जमेल ना?"

"तुम्ही म्हणाल तसं! फार फार आभा—"

काकूंनी टेबलाखाली त्यांच्या पायावर पाय दिला. भीड भिकेची बहीण, हे त्या बाईला लग्नानंतर लगेचच कळलं होतं.

"जमणार नाही," त्या म्हणाल्या. "त्यापेक्षा दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात वीस खोकी घ्या. कमीजास्त हवी असली तर महिनाभर आधी सांगा. माल कधी तुटणार नाही, आणि तुमच्याकडे पडूनही राहणार नाही."

काकांनी घाईने पुन्हा हात जोडले. एवढ्या मोठ्या माणसाला तोंडावर नाही!

"बघू," शेठ म्हणाले. "मी दर महिन्याचं कुणाशी बांधून घेत नाही. सही तर नाहीच नाही."

काकूंनी पिशवीतून कागदात गुंडाळलेली एक वडी काढून पुढे ठेवली. "जरा दाबून बघा."

शेठने दाबली. अंगठा नखापर्यंत आत गेला.

"परवा मुद्दाम ओतलेली आहे. आज फोन, उद्या माल म्हणालात, तर चाळीस खोकी ही असली येतील. द्या दुकानदारांना."

"अहो, हे चुरचुरतंय!"

"कच्चा आहे ना. धुवून टाका. ही घ्या, वाळलेली." काकूंनी दुसरी वडी दिली.

कोपऱ्यातल्या नळावर शेठने हात धुतले. मग पुन्हा धुतले. मग वास घेतला. एवढी खोकी विकली, पण हा साबण गृहस्थाच्या हाताला आज पहिल्यांदा लागत होता.

"हा आपला?"

"तुम्हीच विकलाय की."

शेठ रुमालाने हात पुसत बसले. "बरं. माल वाळला की तीन महिने वीस-वीस पाठवा, मग खप बघून आकडा बदलू. पण महिनाभर आधी सांगायचं, हे कबूल. कागदबिगद मात्र नको."

"कागद कशाला?" काकूंनी ओली वडी जपून पुन्हा गुंडाळली. "अंगठा दिलाय ना तुम्ही."

शेठ इतके हसले, की एक फोन टेबलावरून खाली पडला.

दोघं बाहेर पडली. रस्त्यावर काका थांबले. बायकोकडे पाहिलं, तोंड उघडलं, मिटलं. जन्मभर साऱ्या जगाचे आभार मानले, आणि जिचे मानायचे तिच्यापुढे शब्दच फुटेना. शेवटी त्यांनी तिच्या हातातली पिशवी घेतली.

"तेवढं त्या दोघींना सांगून या," घराशी पोचल्यावर काकू म्हणाल्या.

काका शेजारच्या दारात गेले. "उद्या या," ते म्हणाले. "परवाही या. आता दर महिन्याला काम आहे." आणि वळले.

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मग थोरली काळजीने म्हणाली, "काका, तब्येत बरी आहे ना तुमची? आभार नाही मानलेत!"