धन्यवाद म्हणणारा माणूस

ऑफिसात तिला सगळे फोनताई म्हणत. घरी उपचार घेणाऱ्या रुग्णांना ऑक्सिजनची यंत्रं भाड्याने देणाऱ्या त्या कंपनीत तिने उमेदीची वर्षं फोनवर काढली होती. समोरचा किती घाबरलाय, हे तिला नुसत्या 'हॅलो'वरून कळायचं. मग चॅटबॉट आला, आणि तो अडला किंवा माणूस चिडला, की बोलणं खऱ्या माणसाकडे कसं सोपवायचं, त्या वाटा आखायचं काम साहेबांनी तिलाच दिलं.

तिने जीव ओतून आखल्या. खात्री नसेल तर बॉटने अंदाजपंचे उत्तर ठोकू नये, सरळ पुन्हा विचारावं. तरीही कळलं नाही, तर माणूस. शिवी आली, तर माणूस. 'श्वास' किंवा 'मशीन बंद' दिसलं, तर रांग मोडून ताबडतोब माणूस. आधीचं सगळं बोलणं त्या माणसाच्या पडद्यावर, म्हणजे कुणाला रामकहाणी दोनदा सांगावी लागू नये.

चिडणाऱ्यांची इतकी काळजी घेतली, पण न चिडणारा कुणाच्या डोक्यातच आला नाही.

एका सकाळी निरोप आला: यंत्र घेऊन जावे, आता गरज नाही. ज्याने लिहिला त्याचं जुनं बोलणं तिने उघडलं. म्हातारे गृहस्थ होते. बायकोच्या यंत्राचा आवाज बदललाय, सवडीने कुणी बघेल का, असं त्यांनी विचारलं होतं. बॉटला दोनदा कळलं नाही. मग त्याने बरोबर तेच केलं जे तिने शिकवलं होतं: माणसाशी जोडतो, कृपया थांबा.

त्यांनी लिहिलं, "थांबतो. धन्यवाद."

आणि 'धन्यवाद' म्हणजे काम झालं, हा पहिल्यापासूनचा नियम रांगेत उभ्या माणसालाही लागू पडला. मदत करून आनंद झाला, असं म्हणून बॉटने त्यांना रांगेतून काढलं. आकडेवारीत ते समाधानी ग्राहक ठरले.

दुरुस्ती एका ओळीची होती: एकदा माणसाकडे सोपवलं, की बोलणं माणसानेच बंद करायचं. प्रोग्रामरने ती चहा संपायच्या आत केली. साहेब म्हणाले, बरं झालं, लवकर सापडलं. कुणासाठी लवकर, तिच्या मनात आलं.

तिने त्या गृहस्थांना फोन लावला. नाव, कंपनी, एवढंच सांगितलं.

"मी त्या पडद्यासमोरच बसून होतो," ते सावकाश म्हणाले. "तिलाही सांगत होतो, येतायत, धीर धर. मला फक्त एवढंच विचारायचंय, माझा नंबर आला होता का हो? मधे डोळा लागला असेल माझा."

"नाही, आजोबा. तुमचा डोळा नव्हता लागला. चूक आमची होती, माझी होती."



"बरं झालं सांगितलंत," ते म्हणाले. "धन्यवाद."

आणि त्यांनी फोन ठेवला.